शब्द कुणाच्या तोंडचा?

(अकलूज येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

आपण आज ज्या गावात बसलो आहोत त्या अकलूजला 1993 पासून लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा भरू लागली. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ती पाहिली असेल. त्या स्टेजवर नाचणाऱ्या बाईला आपण मराठीत लावणी कलावंत म्हणतो, नाचणारीण म्हणतो, बारीवाली म्हणतो, कुणी तिच्या जातीचं नाव घेतं, कुणी शिवी देतं. आता हे सगळं इंग्रजीत लिहायचं आहे असं समजा. वाचणारी बाई चेन्नईची आहे किंवा कलकत्त्याची, तिला अकलूज माहीत नाही आणि कोल्हाटीही माहीत नाहीत. काय लिहाल? या एका प्रश्नावर मी सपशेल तोंडघशी पडले होते. मला आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

आमच्या गटाने आपल्या भागातल्या बायांच्या कामाचा एक इतिहास मराठीत लिहून काढला होता. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग गावकीतल्या कामाचा. त्यासाठी आम्ही त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’चा आधार घेतला. दुसरा भाग बायांच्या तोंडून ऐकलेला. त्यात बलुतेदारांच्या घरातल्या म्हाताऱ्या होत्या आणि संगीत बारीत नाचलेल्या चौघी होत्या. इतर राज्यांतल्या मैत्रिणींना वाचता यावा म्हणून त्याचं इंग्रजी करायचं ठरलं आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. शब्दकोश जवळ आहे, महिनाभरात उरकेल, असं मी म्हणाले होते. त्याला दोन वर्षं लागली.

कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको?

पहिली ठेच ‘बलुतेदार’ या शब्दावर लागली. जुन्या सरकारी इंग्रजीत बलुतेदाराला गावचा नोकर म्हणतात, ‘व्हिलेज सर्व्हंट’. मी तेच लिहिलं. पण बलुतं म्हणजे पगार नव्हे. खळ्यावर रास झाली की सुतार, लोहार, न्हावी, परीट, महार, मांग यांचा त्यातला वाटा ठरलेला असे. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत, त्यांना कास असंही म्हणत, आणि ज्याच्या-त्याच्या ओळीप्रमाणे वाटा कमी-जास्त होई. काम पिढीजात, ते नाकारायची सोय नाही, पण वाटाही पिढीजात, तो आपला हक्क म्हणून मागायचा. ‘सर्व्हंट’ लिहिलं की हक्क गळतो. ‘आर्टिझन’ म्हणजे कारागीर लिहिलं की जबरदस्ती गळते आणि गावगाडा एकदम गोड दिसायला लागतो. मग मेलेलं ढोर ओढणं कुठल्या कारागिरीत बसवायचं?

कायद्याचं इंग्रजी तर आणखी पुढे गेलेलं आहे. महारवतनासारखी वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा 1958 चा कायदा आहे. त्याच्या इंग्रजी नावातच या वतनांना ‘इन्फिरिअर’ म्हटलेलं आहे. म्हणजे जो कायदा जोखड उतरवायला निघाला, त्याच्या नावातही ‘हलकं’ हा शब्द बसून राहिला. अनुवादात कायद्याचं नाव आलं तर ते आहे तसंच द्यावं लागतं, ते सुधारण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आपल्या वाक्यात तोच शब्द उचलून वापरायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात असतं.

शेवटी मी ‘बलुतेदार’ हाच शब्द इंग्रजीत ठेवला आणि तो पहिल्यांदा येतो तिथेच एका वाक्यात सांगितलं की हे काम टाळता येत नसे आणि वाटा नाकारता येत नसे. त्यानंतर तो शब्द पुन्हा कधी समजावला नाही. एकदा नीट ओळख करून दिली की वाचणारी लक्षात ठेवते, हा माझा अनुभव आहे.

खरी चूक पुढे होती आणि ती माझ्या लक्षातही आली नव्हती. मराठीत कुंभारीण, परटीण, सुतारीण, महारीण, मांगीण असे शब्द आहेत. शब्दकोशात पाहिलंत तर बहुतेक ठिकाणी एकच अर्थ आधी येतो, कुंभाराची बायको, परटाची बायको. मी सगळीकडे ‘पॉटर्स वाइफ’, ‘वॉशरमन्स वाइफ’ लिहीत गेले. व्याकरणात काहीच चुकलं नव्हतं.

एका बैठकीत आम्ही तो भाग वाचत होतो. मी इंग्रजी वाक्य वाचायचे आणि लगेच त्याचं साधं मराठी सांगायचे. एका वाक्यात मी म्हणाले, “बाळंतपणाला मांगाची बायको येत असे.” समोर बसलेली म्हातारी म्हणाली, “मांगाची बायको न्हवं बाई. मांगीण येत हुती. मांग वाजवायला जायचा. बाळतपण त्याला काय ठावं?”

मैत्रिणींनो, एवढ्या एका बोलण्यात माझी पन्नास पानं चुकीची ठरली. आपल्याकडे कितीतरी गावांत सुईणपण मांगिणीकडे होतं. ते तिच्या नवऱ्याचं काम नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं आणि तिने ते आईकडून नाहीतर सासूकडून घेतलेलं होतं. कुंभाराच्या घरी माती चाळणं, ती मळणं, भट्टीला शेण-काटक्या गोळा करणं, मडकी डोक्यावर घेऊन गावोगाव विकणं हे सगळं कुंभारीण करते. चाक तेवढं पुरुषाच्या हातात. मराठीतला ‘ईण’ हा प्रत्यय दोन्ही सांगतो, ती त्या घरातली बाई आहे आणि त्या कामातली बाई आहे. इंग्रजीत दोन्ही एका शब्दात येत नाही, एक निवडावं लागतं. मी न विचारता नवरा निवडला होता.

तेव्हापासून ‘ईण’ दिसली की मी थांबते आणि वाक्याला विचारते, ही बाई इथे काय करते आहे? ती काम करत असेल तर कामाचं नाव द्यायचं. ‘मांग जातीची सुईण’, ‘मडकी विकणारी कुंभार बाई’ असं इंग्रजीत लिहिता येतं. वाक्य थोडं लांबतं, पण बाई पुसली जात नाही. ती खरोखरच फक्त कुणाची बायको म्हणून वाक्यात आली असेल, तर बायको लिहायचं.

आत्र्यांच्या पुस्तकाबद्दलही एक सांगते. ते सरकारी महसूल खात्यातले अधिकारी. कुणबी शेतकऱ्याच्या बाजूने ते मोठ्या कळकळीने लिहितात, पण बलुतेदार आणि फिरस्ते यांचं ओझं कुणब्यावर पडतं, असा त्यांचा सूर आहे. फिरत्या जमातींबद्दल त्यांची भाषा बोचरी आहे. त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ या नावाचंही पुस्तक लिहिलेलं आहे. त्यांचं लिखाण इंग्रजीत नेताना मला मोह झाला, की बोचरे शब्द जरा मऊ करावेत. आमच्या गटातल्या एका भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या मैत्रिणीने मला अडवलं. ती म्हणाली, “तू त्याला चांगला माणूस करून देऊ नकोस. तो काय म्हणाला ते लोकांना कळू दे.” तिचं बरोबर होतं. लेखकाचा तिरस्कार हा इतिहासाचा पुरावा आहे. तो आपण पुसला तर अपमान झालाच नव्हता असं होतं. फक्त तो त्याचाच आवाज आहे, आपला नाही, हे वाक्याच्या रचनेतून दिसलं पाहिजे. त्याचा शब्द त्याच्याच अवतरणात ठेवायचा आणि आपल्या निवेदनात शिरू द्यायचा नाही.

एकच शब्द, दोन वर्षं

दुसरी अडचण सालाची. आपल्या चळवळीतल्या मैत्रिणी आज सहज ‘दलित’ म्हणतात. म्हणून मीही इंग्रजीत सरसकट ‘दलित’ लिहून टाकलं. तो सन्मानाचा शब्द आहे, कुणी दुखावणार नाही, असा माझा हिशेब.

त्याच सुमारास मी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ पुन्हा वाचायला घेतलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा हा इतिहास 1989 साली आला. 2008 मध्ये वंदना सोनाळकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. जुलै 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. आता त्या परिषदेच्या नावातला ‘दलित वर्ग’ म्हणजे त्या काळच्या इंग्रजीतला ‘डिप्रेस्ड क्लासेस’. सरकारदरबारी आणि राजकारणात तोच शब्द चालत होता. 1972 साली दलित पँथर निघाली, तेव्हाचा ‘दलित’ वेगळा. तो कुणी दिलेला नव्हता, पोरांनी छाती काढून स्वतःसाठी घेतलेला होता. मराठीत अक्षरं तीच आहेत. इंग्रजीत मात्र 1942 ला एक शब्द आणि 1972 ला दुसरा लागतो. दोन्हीकडे ‘दलित’ लिहिलं, तर मधल्या तीस वर्षांत काही घडलंच नाही असं वाटतं.

‘हरिजन’चंही तसंच. हा शब्द गांधीजींनी चालवला आणि तो अनेकांनी ठामपणे नाकारला. एखाद्या म्हातारीच्या तोंडी ‘हरिजन वाडा’ आला, तर मी तो तिच्या तोंडी तसाच ठेवते, पण निवेदनात मी स्वतः तो वापरत नाही.

आणि 1956 चं काय? आमच्या एका आजी सांगत होत्या, “लहानपणी आम्ही महारवाड्यात ऱ्हायचो. आता आम्ही बौद्ध हाय.” मी पहिल्या खर्ड्यात दोन्ही ठिकाणी ‘दलित’ घातलं होतं. त्या बाईने एका श्वासात आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना सांगितली होती आणि मी ती सपाट करून टाकली. 14 ऑक्टोबर 1956 च्या आधीचा शब्द आणि नंतरचा शब्द यांच्यामध्ये तिने ओलांडलेला उंबरठा आहे. म्हणून आता इंग्रजीतही ‘महार’ आहे आणि ‘बुद्धिस्ट’ आहे. ‘महार’ लिहिल्याने अपमान होईल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “तवा आमाला त्येच म्हणत हुते की. न्हाई लिवलं तर काय सोडलं ते कसं कळंल?”

जाताजाता आपल्या जिल्ह्यातला एक शब्द सांगते. सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यासमोर तारेचं कुंपण आणि पोलिसांची हजेरी येते. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना डांबून ठेवण्याची ती जागा. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शब्द तोंडात राहिला. हा तर इंग्रजीच शब्द, याला काय अनुवाद करायचा, असं मला वाटलं. पण इंग्रजी वाचणाऱ्या बाईला ‘सेटलमेंट’ म्हणजे साधी वस्ती वाटते, चार घरं बांधून लोक सुखाने राहिले असं वाटतं. आपल्याकडे येऊन तो शब्द तुरुंगात राहिला आहे, त्याला परत पाठवताना तुरुंगासकट पाठवावं लागतं. ‘तारेच्या कुंपणातली, हजेरीची सेटलमेंट’ असं लिहावं लागलं.

मावशींची पाच वाक्यं

आता मी तोंडघशी कशी पडले ते सांगते. संगीत बारीत आयुष्य काढलेल्या एक मावशी आहेत. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनी आम्हाला सांगितलेली पाच वाक्यं अशी होती:

“मी बारीवर नाचले. चिरा झाला तवा मी चौदा वर्साची. मालक बरा मिळाला. पर धंदा सोडला न्हाई. पुढं मीच मालकीण झाले.”

माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला हे अगदी सोपं वाटलं. मी लिहिलं ते मराठीत परत सांगायचं तर असं होतं: ‘मी एका नाचमंडळीत नाचत असे. चौदाव्या वर्षी मी वेश्याव्यवसायात आले. माझा धनी दयाळू होता. पण मी तो व्यवसाय सोडला नाही. पुढे मी स्वतः मिस्ट्रेस झाले.’

आम्ही एक रीत ठेवली होती. इंग्रजी झालं की मूळ मराठी न वाचलेल्या एका मैत्रिणीकडे ते द्यायचं, तिने वाचत वाचत मराठीत सांगायचं आणि ज्यांचं बोलणं आहे त्यांनी ऐकायचं. आमच्या मैत्रिणीने शेवटचं वाक्य सांगितलं, “पुढे मी ठेवलेली बाई झाले.” कारण इंग्रजीत ‘मिस्ट्रेस’ म्हणजे मालकीणही होते आणि रखेलही होते. मागे वेश्याव्यवसाय हा शब्द येऊन गेला, की दुसरा अर्थच मनात येणार.

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, “ताई, मी तुमाला काय सांगितलं आन् तुमी काय लिवलं? अकरा मान्सांची पार्टी संबाळली मी. पेटीवाला, ढोलकीवाला, पोरी, समद्यांचा पगार मी देत हुते. आन् हितं मला ठेवलेली केली व्हय?”

मी खाली मान घातली. त्यानंतर दोन दिवस बसून त्यांनी मला पाचही वाक्यं शिकवली. ती तुम्हालाही सांगते, कारण यातला एकेक शब्द सापळा आहे.

‘बारी’ म्हणजे पाळी. एका थिएटरवर, ज्याला आता कला केंद्र म्हणतात, अनेक पार्ट्या असतात. एकीची बारी झाली की दुसरीची. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा. त्यात वग असतो, सोंगाड्या असतो, फड गावोगाव तंबू घेऊन फिरतो. संगीत बारीत मुख्यतः गाणं, नाच आणि अदा. दोन्हींना इंग्रजीत ‘फोक थिएटर’ म्हटलं की बाईची जागा कळत नाही. फडात ती बहुधा मालकाकडे कामाला असते, बारीत पार्टी बहुधा बाईची असते.

त्यामुळे ‘मालकीण’. आपण ‘मालक’ला स्त्रीलिंग करून ‘मालकीण’ म्हणतो आणि ती मालकाची कुणीतरी असेल असं धरतो. बारीत तसं नाही. मालकीण म्हणजे पार्टी चालवणारी, पैशांचा हिशेब ठेवणारी बाई. आणि ‘मालक’ म्हणजे तिच्याशी संबंध ठेवणारा, तिचा काही खर्च उचलणारा पुरुष, ज्याचं घरदार दुसरीकडे असतं. तो पार्टीचा मालक नसतो. शेजारच्या गल्लीतली लग्नाची बाईही नवऱ्याला मालकच म्हणते आणि शेतावरची मजूर बाई जमीनदाराला मालक म्हणते. मी ‘ओनर’ लिहिलं असतं तर मावशी गुलाम झाल्या असत्या, ‘हजबंड’ लिहिलं असतं तर लग्न झालं असतं, ‘पेट्रन’ लिहिलं असतं तर तो कलेचा आश्रयदाता झाला असता. आम्ही ‘मालक’ ठेवला आणि पहिल्या वेळी सांगितलं, की इथे बायका नवऱ्याला, मजूर धन्याला आणि बारीवाली तिच्या पुरुषाला याच शब्दाने हाक मारते. मला वाटतं, या एका वाक्यात लग्नाच्या बायकांबद्दलही बरंच काही कळून जातं.

‘धंदा’ हा शब्द खेडेगावात साधा आहे. लोहाराचा धंदा, दुधाचा धंदा. मुंबईच्या बोलीत त्याला दुसरा वास लागला. मावशी ‘धंदा सोडला न्हाई’ म्हणाल्या, तेव्हा त्यांना म्हणायचं होतं, मालक मिळाला तरी मी नाचणं सोडलं नाही, माझी कमाई माझ्या हातात ठेवली. इंग्रजीत आता तेच आहे, नाचणं सोडलं नाही.

राहिला ‘चिरा’. हा सगळ्यात अवघड. चिरा म्हणजे पहिल्या पुरुषाकडून रक्कम ठरवून मुलीचा होणारा विधी. त्यानंतर त्या मुलीचं लग्न होत नाही, तिची कमाई माहेरच्या घराला आणि मुलं तिच्याच नावावर. मी आधी ‘वेश्याव्यवसाय’ लिहून मावशींचा अपमान केला होता. ओरडा खाल्ल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले आणि ‘पारंपरिक दीक्षाविधी’ अशा अर्थाचा शब्द लिहिला. तो वाचायला फार सभ्य वाटतो. पण त्यात रक्कम नाही, चौदा वर्षांची मुलगी नाही आणि तिला कुणी विचारलं नाही हेही नाही. मावशींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, “हे काय सत्यनारायनावानी लिवलंय.” त्यांना शिवी नको होती, पण रंगसफेदीही नको होती. शेवटी ‘चिरा’ हा शब्द ठेवून त्याच्यापुढे दोन वाक्यं लिहिली. पैसे कुणी ठरवले, कुणाला मिळाले, वय किती, त्यानंतर काय करता येत नाही, एवढंच. त्याला विशेषण एकही लावलं नाही. कुठलंही नाव देण्यापेक्षा घडलं ते सांगणं हे जास्त कडक असतं, आणि त्यात बाईचा अपमान होत नाही.

हा शब्दांचा खेळ नाही. 2005 मध्ये आपल्या राज्यात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा नाचणाऱ्या बायांबद्दलचे सर्व्हे, निवेदनं, कोर्टातले कागद बहुतेक इंग्रजीत फिरत होते. नाचणारी म्हणजे कलावंत, कामगार की वेश्या, यावर तिची रोजीरोटी ठरत होती. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण मधल्या वर्षांत कितीजणींचं काम गेलं ते आपण पाहिलं आहे. आपल्या एखाद्या अहवालातला घाईने टाकलेला इंग्रजी शब्द उद्या कुणाच्या टेबलावर जाईल, हे आपल्याला माहीत नसतं.

कुणाला वाचवण्यासाठी?

‘कोल्हाटी’ या नावाचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. सोलापूर जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर 1884 चं. तिथे जातीच्या नावापुढे एक धंदा लावायची पद्धत आहे. न्हावी म्हणजे बार्बर, कुंभार म्हणजे पॉटर, कोल्हाटी म्हणजे कसरती करणारे, ‘टंबलर’. नाचणाऱ्या बाईला तिथे जातीच्या नावातच जागा नाही. आज कोल्हाटी हे नाव सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे, सवलतीच्या दाखल्यावर आहे. तेच नाव शाळेत पोराला चिडवायलाही वापरलं जातं.

किशोर शांताबाई काळे यांनी 1994 च्या आत्मकथनाला ‘कोल्हाट्याचं पोर’ हेच नाव दिलं आणि स्वतःच्या नावात बापाच्या जागी आईचं नाव लिहिलं. चिडवणारा शब्द त्यांनी मथळ्यावर घेतला. त्याचं इंग्रजी पुस्तक ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ या नावाने निघालं. म्हणजे सगळ्या अडचणींवर मात करून. हे नाव कुणाच्याही पुस्तकाला चालेल. आपल्याच जिल्ह्यातल्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ इंग्रजीत ‘द आउटकास्ट’ झालं. बारा माशांचा एक तोळा, त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी, म्हणजे ज्याच्या आईबापांचं लग्न नाही असा. आउटकास्टमध्ये जात राहिली, पण ते वजन गेलं, आणि त्या शब्दाच्या मागे उभी असलेली आईही गेली. मी त्या अनुवादकांना दोष देत नाही. मथळा तीन-चार शब्दांचाच असतो, तिथे दोन वाक्यं घालता येत नाहीत. पण आतल्या पानांवर आपल्याला जागा असते.

म्हणून आम्ही ‘कोल्हाटी’ हे नाव जमातीचं नाव म्हणून ठेवलं, धंदा म्हणून नाही. कोल्हाटी बाई आणि बारीत नाचणारी बाई हे दोन वेगळे शब्द लिहिले. कारण सगळ्या कोल्हाटी बाया नाचत नाहीत आणि बारीत नाचणाऱ्या सगळ्या कोल्हाटी नसतात. जात आणि काम मराठीत एकमेकांना चिकटवून दिलेले आहेत. अनुवाद करताना ते कुठे चिकटलेले होते हे दाखवायचं असतं, पण आपण पुन्हा डिंक लावायचा नसतो.

पुस्तक छापायला जायच्या आधी मावशींचा निरोप आला. त्यांच्या मुलीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. त्या म्हणाल्या, “ताई, माज्या बोलन्यातलं कोल्हाटी काडा.” ज्यांनी मला एकही शब्द मऊ करू दिला नव्हता, त्याच आता शब्द काढायला सांगत होत्या. गटात मोठा वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, आपण इतिहास पुसतो आहोत. मला वाटलं, इतिहास त्यांचा आहे आणि लग्नही त्यांच्याच घरात आहे. आम्ही त्यांची पाच वाक्यं ठेवली, जमातीचं नाव, गाव आणि कला केंद्र काढलं. जमातीचा इतिहास वेगळ्या प्रकरणात पूर्ण नावानिशी राहिला. वाचणाऱ्या बाईला दोन्हींची सांगड घालता येणार नाही, हा तोटा आहे. तो आम्ही सहन केला.

मात्र यात एक भेद मी शिकले. वाचणारी दचकेल म्हणून शब्द काढणं वेगळं आणि बोलणारीला धोका आहे म्हणून काढणं वेगळं. पहिल्यात आपण वाचणारीला वाचवतो. दुसऱ्यात बोलणारीला. तुमच्यापैकी ज्या कुणी आपापल्या गटांचे अहवाल, मुलाखती, सर्व्हे इंग्रजीत करता, त्यांनी प्रत्येक अशा शब्दापाशी थांबून एवढंच पाहावं. हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे, कुठल्या सालातला आहे, आणि तो मी बदलते आहे तर कुणासाठी? आणि इंग्रजी झालं की ते परत मराठीत सांगून जिचं आहे तिला ऐकवावं. माझी चूक शब्दकोशाने दाखवली नाही. ती मावशींनी दाखवली.

त्या नातीच्या लग्नाचं मला आमंत्रण होतं. मी गेले होते. मावशी मांडवात पुढे बसल्या होत्या. कुणीतरी माझी ओळख विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ह्या इंग्रजीच्या ताई. चांगल्या हायत. पर तपासून घ्यावं लागतं.”